एका ओळीचे क्षमस्व

मित्रांनो, माझ्या अंगावर एकशे चार कळा आहेत. त्यांतली सर्वांत झिजलेली कळ कुठल्याही अक्षराची नाही. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात खोडण्याची कळ आहे, ती ही. मी एक जुना कीबोर्ड आहे. बाईंनी जे लिहून पाठवले ते पुष्कळांना ठाऊक आहे. जे लिहून खोडले, ते फक्त मला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. काळ्या प्लास्टिकचा साचा, खाली रबराची पातळ चादर, वर कळा, आणि कळांवर पांढरी इंग्रजी अक्षरे. एका बाईने प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली, मागे गोल शिक्का लावला आणि मला खोक्यात घातले. खोक्यात मी सात महिने होतो. त्या सात महिन्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मला बाहेर काढले ते एका कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल, फायलींचे लोखंडी कपाट आणि एक बाई. कंपनी औषधांच्या प्रयोगशाळांना लागणारे छोटे तराजू बनवत असे. हे तराजू इतके नाजूक, की कुणी शेजारी शिंकले तरी काटा हलायचा. ते दूरदूरच्या देशांत जात आणि तिथून इंग्रजीत पत्रे येत. त्यांना उत्तरे देण्याचे काम बाईंकडे होते. देशातल्या देशात मराठीतही पत्रे जात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कळांवर देवनागरी अक्षरांच्या पारदर्शक चिकटपट्ट्या लावल्या. नखाने दाबून, एकही बुडबुडा न ठेवता. त्या दिवसापासून मी दोन भाषांचा झालो.

बाईंना एक सवय होती. आलेले आणि जाणारे प्रत्येक पत्र त्या हलक्या आवाजात वाचत. चूक डोळ्यांना दिसत नाही, कानाला लागते, असे त्या म्हणत. त्यामुळे मला डोळे नसूनही सगळी पत्रे कळत.

कंपनीत त्यांना पाठीमागे 'सॉरीबाई' म्हणत. कारण कुणाच्याही हातून उत्तराला उशीर झाला, की तो माणूस आपला कच्चा मजकूर घेऊन बाईंच्या टेबलाशी उभा राहायचा. सर्वांत जास्त वेळा फोरमन यायचे. तराजू जुळवण्यात त्यांच्यासारखा माणूस नव्हता आणि पत्रे तुंबवण्यातही नव्हता.

एकदा एका प्रयोगशाळेला उत्तर द्यायला त्यांना नऊ दिवस उशीर झाला. त्यांनी मजकूर आणला तो दीड पानांचा. सासूबाई जिन्यात घसरल्या, त्यांना दवाखान्यात ठेवले, मग साचा तडकला, मग वीज गेली, मग स्वतः फोरमनना ताप आला. बाईंनी तो पडद्यावर उघडून वाचला आणि माझी खोडण्याची कळ दाबून धरली.

"अहो, अहो," फोरमन म्हणाले, "खरं आहे ते सगळं."

"खरं आहे म्हणूनच काढतेय."

"म्हणजे खोटं असतं तर ठेवलं असतंत?"

"खोटं असतं तर तुम्ही दोनच ओळी लिहिल्या असत्या." बाई टाइप करतच बोलत होत्या. "इंग्रजीत एक कारण दिलं की कारण असतं. चार दिली की सबब होते. आणि सासूबाईंचं वाचून तिकडच्या माणसाची पंचाईत. त्याला तराजू हवाय. आता आधी त्याने तुमच्या सासूबाईंची विचारपूस करायची का?"

"करू दे की. माणूसच आहे ना."

"माणूस आहे, पण तुमचा कोण लागतो?"

त्यांनी लिहिले ते इतकेच होते: उत्तराला झालेल्या उशिराबद्दल दिलगीर आहे, कारखान्यात एक अडचण होती, ती आता दूर झाली आहे, तराजू अमुक तारखेला निघेल. दिलगिरी अर्ध्या ओळीत, कारण अर्ध्या ओळीत, आणि तिसऱ्या ओळीपासून कामाची गोष्ट. त्या सांगत, इंग्रजी पत्रातली माफी दारातल्या पायपुसण्यासारखी असते. पाय पुसायचे आणि आत यायचे, तिथेच बसायचे नाही. एक-दोन दिवसांच्या उशिराला तर तीही लागत नाही. आठवड्याच्या उशिराला एक ओळ पुरते. महिना गेला असेल तर एक ओळ आणि एक कारण, तेही मोघम. ओळखीचा माणूस असेल तर कारण थोडे नेमके चालते, पण तरीही एकच. उलट बाजूचा माणूस त्या कारणावर बहुधा काही बोलत नाही. तो सरळ तराजूचे बोलतो. आणि त्याचा अर्थ माफी पोचली.

"विचित्रच," फोरमन म्हणाले. "आपल्याकडे कारण नाही सांगितलं, तर लोकांना वाटतं कारणच नव्हतं."

पुढल्या वर्षी बाई रजेवर असताना फोरमननी असे एक पत्र त्यांना न दाखवता धाडले. त्यात भावजयीची शस्त्रक्रियाही होती. चार दिवसांनी तिकडून फार मायेचे उत्तर आले. तुमच्या घरच्यांना आमच्या शुभेच्छा. या काळात तुम्ही कुटुंबाकडे लक्ष द्यावे. तुमच्यावर ताण नको म्हणून हे सहा तराजू आम्ही दुसरीकडून घेत आहोत. बाईंनी रजेवरून येऊन ते वाचले आणि फोरमनना बोलावले.

"किती चांगला माणूस," फोरमन म्हणाले. "ऑर्डर नेली, पण विचारपूस केली."

अकरा वर्षे मी त्या टेबलावर होतो. ती माझ्या कौतुकाची वर्षे. माझ्या कळा बाईंच्या बोटांच्या आणि बाईंची बोटे माझ्या कळांच्या सवयीची झाली. मग कंपनी नव्या इमारतीत गेली, सर्वांना लॅपटॉप मिळाले आणि आम्हा जुन्या कीबोर्डांचा वायरी गुंडाळून एक ढीग झाला. बाईंनी त्या ढिगातून मला ओळखून काढले आणि पिशवीत घालून घरी नेले. आणखी काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. फोरमनही त्याच वर्षी निवृत्त झाले आणि दोन गल्ल्या पलीकडे राहू लागले.

मित्रांनो, घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाई तिथे एकट्या राहत. कामाच्या दिवसांत माझ्यावर दिवसाला पाच-सहा हजार अक्षरे पडत. आता कधी एकही पडत नसे. सकाळी त्या कापडाने मला पुसत, खुर्चीवर बसत, संगणकावर पत्रपेटी उघडत, आणि तिथे औषधाच्या दुकानाची सूट सोडून काही नसले की मला न शिवता उठत. कुणाला उशिरा उत्तर देण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पत्रेच येत नव्हती.

येत ती एकाच माणसाची. बाईंची ताई दुसऱ्या गावात राहत होती. वयाने नऊ वर्षांनी मोठी, यजमान गेलेले, गुडघे अधू. तिला कमी ऐकू येत असे आणि फोन कानाला लावला की ऐकण्याचे यंत्र शिट्टी मारत असे. म्हणून दोघी बहिणी लिहीत. ताई तिच्या फोनवर एका बोटाने लिहायची, तरी तिचे पत्र लांबलचक असायचे. एकदा तिचे उत्तर बारा दिवसांनी आले, ते मला आठवते. 'अगं चिंगे, तुझं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात होते. माझ्यासाठी नाही, शेजारच्या वहिनींसाठी. त्यांचा मुलगा नेमका बाहेरगावी. मग घरी आले तर फोनचं चार्जिंग संपलेलं, आणि चार्जर वहिनींच्या पिशवीत गेलेला. तो मिळाला तर चष्मा सापडेना. असं करता करता राहूनच गेलं बघ.' त्या सबंध पत्रात माफीचा एक शब्द नव्हता. बाई वाचून हसल्या होत्या. "एवढं कोण विचारतंय तिला," असे म्हणाल्या होत्या. पण ते पत्र त्यांनी दोनदा वाचले.

आता जे घडले ते तारखांसह सांगतो.

महिन्याच्या तीन तारखेला ताईचे पत्र आले. तिच्या घराची खालची खोली मोकळी झाली होती. 'तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी. ये इथेच राहायला. कायमची. शाळेतली एक शिक्षिका खोली मागते आहे, तिला मी थांबवून ठेवलं आहे. महिनाअखेरपर्यंत सांग.'

बाईंनी ते वाचले आणि लगेच माझ्यावर बोटे ठेवली. 'अगं ताई, हो, येते.' एवढे लिहून त्या थांबल्या. मग खोडण्याची कळ. पुन्हा लिहिले, 'येईन म्हणते, पण तुला माझा त्रास.' पुन्हा खोडले. तिसऱ्यांदा नुसते 'हो' लिहिले. एक अक्षर आणि त्याचा काना-मात्रा. तेही खोडले आणि त्या उठून खिडकीशी गेल्या. त्यांना जायचे होते. हे तीन वेळा माझ्या अंगावर उमटले, म्हणून मला नक्की माहीत आहे. पण निवृत्तीनंतरच्या दीड वर्षात त्यांना कुणी काही मागितले नव्हते की कुठे बोलावले नव्हते. एकदम इतके मोठे बोलावणे आले, ते घ्यावे कसे, हेच त्यांना सुचत नव्हते.

पाच तारखेला सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लास्टर लागले. त्या दिवसांत मला कुणी पुसले नाही. वीस तारखेला ताईची एक ओळ आली: 'पत्र मिळालं ना गं?' बाईंनी ती वाचली. लिहायचे म्हणजे हाताचे सांगावे लागणार. हाताचे सांगितले की ताई अधू गुडघे घेऊन बसमध्ये बसणार. "उगाच धावत येईल," असे त्या स्वतःशीच बोलल्या आणि पत्रपेटी बंद केली. महिना संपला.

पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला, प्लास्टर अजून हातावर असताना, त्या माझ्यासमोर बसल्या. डाव्या हाताने लिहू लागल्या.

मित्रांनो, डाव्या हाताने मराठी लिहिणे सोपे नाही. माझी निम्मी अक्षरे उजव्या हाताची आहेत. प्रत्येक शब्दासाठी बाईंना मनगट वाकडे करून पलीकडे यावे लागत होते. पहिल्या ओळीला त्यांना बराच वेळ लागला. 'ताई, ५ तारखेला मी' इथवर त्या आल्या आणि दमल्या. मग कितीतरी वर्षांची सवय मदतीला धावली. लांबलचक खरे खोडून थोडक्यात नेमके लिहायचे, हेच तर त्यांचे काम होते. त्यांनी खोडले आणि लिहिले:

'ताई, उत्तरास उशीर झाला. क्षमस्व. खोलीबद्दलचा तुझा विचार समजला. पुढील आठवड्यात कळवते.'

'क्षमस्व' या शब्दाला माझ्या सहाच कळा लागतात, शिफ्ट धरून. बाईंनी पत्र एकदा वाचले. दिलगिरी पहिल्या ओळीत, मग विषय, मग पुढची तारीख. कुठे चूक नव्हती. त्यांनी ते पाठवले.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. ताईचे इतके छोटे पत्र पूर्वी कधी आले नव्हते.

'आपले पत्र मिळाले. कळविल्याबद्दल आभार. खोलीची व्यवस्था झाली आहे. काळजी नसावी.'

बाईंनी ते त्यांच्या नेहमीच्या हलक्या आवाजात वाचले. मग दुसऱ्यांदा वाचू लागल्या आणि पहिल्याच शब्दाशी थांबल्या.

"आपले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मला आपले."

मित्रांनो, जन्मापासून जिने 'चिंगे' म्हणून हाक मारली, तिने एकदम 'आपले' म्हणावे, याहून कडक शब्द मराठीत शिव्यांमध्येही नाही. आदर देऊन माणूस लांब लोटायची ही रीत बाईंना माहीत होती. आपण काय केले, ते मात्र त्यांना कळत नव्हते.

सतरा तारखेला प्लास्टर निघाले. त्यानंतर रोज त्या माझ्यासमोर बसत. 'ताई' लिहीत आणि खोडत. 'ताई, तुझा काहीतरी गैरसमज' लिहीत आणि खोडत. एकदा 'मनापासून माफी मागते' असे लिहिले. ते स्वतःच मोठ्याने वाचून त्यांनी मान हलवली असावी, कारण लगेच ते गेले. मी मोजले. त्या पंधरवड्यात त्यांनी सोळा वेळा सुरुवात केली आणि एकही अक्षर घराबाहेर गेले नाही. सतराव्या वेळी खोडण्याची कळ खाली गेली ती वर आलीच नाही.

रविवारी सकाळी फोरमन आले. बरोबर त्यांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच होता.

"दीड वर्षात पहिल्यांदा बोलावलंत, तेसुद्धा एका बटणासाठी," ते म्हणाले.

"चहाचं पाणी ठेवलंय."

"आधी रोगी बघू द्या." त्यांनी मला उलटा करून झटकले, कळेची टोपी अलगद उचलली आणि आत फुंकले. "बिस्किट आहे यात. बाई, तुमच्या टेबलावर कधी टाचणीसुद्धा वाकडी नसायची."

"एका हाताने खात होते. सांडलं असेल."

"एका हाताने का?"

बाई म्हणाल्या, "मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं."

फोरमनचा हात थांबला. "आणि दोन गल्ल्यांवर आम्हाला पत्ता नाही."

"उगाच कशाला सांगायचं."

"कुणालाच नाही सांगितलंत?"

"नाही."

फोरमननी कळ बसवली आणि ती चालते का पाहायला पडद्याकडे वळले. पडद्यावर ताईचे पत्र होते आणि त्याखाली बाईंचे.

"वाचू का?"

"वाचलंत की."

ते पुन्हा एकदा सावकाश वाचत होते. "हे 'क्षमस्व' तुम्ही लिहिलंत? सख्ख्या बहिणीला?"

"काय चुकलं त्यात? उशीर झाला ते मान्य केलं. माफी मागितली. कधी कळवते ते सांगितलं."

"चुकलं काहीच नाही. एक वेलांटी चुकलेली नाही." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "आमच्या गल्लीतला दवाखाना बंद असतो ना, तेव्हा दारावर अशीच पाटी असते. 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत. क्षमस्व.' आणि त्या पाटीने निदान डॉक्टर कुठे गेले ते तरी सांगितलंय."

"कारणं देणं म्हणजे सबबी सांगणं, फोरमन. तुमचं दीड पान विसरलात का?"

"नाही विसरलो. तिकडे तुमचंच बरोबर होतं. सहा तराजू गेले माझे." ते थोडा वेळ स्क्रू-ड्रायव्हर संचात लावत राहिले. "पण तिकडचा माणूस आपला कुणी नव्हता. त्याला कारण सांगितलं की त्याला ओझं. इथे नाही सांगितलं की ओझं. किती दिवस झाले होते?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस दिवस त्या बहिणीने बसून कारणं शोधली असतील. खोलीचं विचारलं ते आवडलं नाही का, मागे काही बोलले ते लागलं का, आता मी नकोशी झाले का. आणि मग तुमचं पत्र आलं, तर त्यात एकही कारण नाही. म्हणजे तिने शोधलेली सगळी खरी ठरली."

बाईंनी ताईचे पत्र पुन्हा एकदा हलक्या आवाजात वाचले.

"मराठीत एका ओळीची माफी असते की," फोरमन म्हणाले. "कचेरीत असते, वर्तमानपत्रात असते. 'विलंबाबद्दल दिलगीर आहोत.' परक्याला एक ओळ, आपल्या माणसाला सगळी हकीगत. तुम्ही ताईंना परक्याची ओळ पाठवलीत. त्यांनी तुम्हाला परक्याचं 'आपले' पाठवलं. हिशेब सरळ आहे."

"हाताचं कळलं असतं तर ती घाबरली असती."

"घाबरू द्यायचं होतं. तो तिचा हक्क आहे."

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता. कुणीच उठले नाही.

"आता लिहिते तर काय लिहू?" बाई म्हणाल्या. "मनापासून माफी मागितली तर?"

"अजिबात नको. 'माफ कर' म्हटलंत तर तिला वाटेल, काहीतरी भलतंच केलंय हिने. नुसतं काय काय झालं ते सांगा. जसं झालं तसं. पायात कुठली चप्पल होती तेसुद्धा."

"सुरुवात कशी करू?"

"हे मला विचारताय? जगभर माफ्या पाठवल्यात तुम्ही." फोरमन उठले आणि गॅस बंद करायला आत गेले. आतून म्हणाले, "'अगं'ने करा. पुढचं येतं आपोआप."

चहा पिऊन ते गेले. जाताना खोडण्याच्या कळेवर बोट ठेवून म्हणाले, "ही दुरुस्त झाली आहे, पण आज हिला आराम द्या."

बाईंनी ऐकले. मित्रांनो, मी इतकी वर्षे त्यांच्या हाताखाली होतो, पण त्या दुपारी जसे लिहिणे झाले तसे कधी झाले नव्हते. उजवा हात अजून कच्चा होता, मध्येच थांबायचा. चुकीचे अक्षर पडले तर त्या ते तसेच ठेवून पुढे जात होत्या. ते पत्र मला अजून पाठ आहे.

'अगं ताई, काय सांगू तुला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हो लिहिलं होतं. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली. तुझ्या घरात माझी अडगळ होईल असं वाटलं. मग परवा उत्तर देऊ म्हणता म्हणता पाच तारखेला न्हाणीघरात घसरले. ती निळी चप्पल, तू टाकून दे म्हणाली होतीस तीच. उजवं मनगट मोडलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दवाखान्यात नेलं. सहा आठवडे प्लास्टर. भात डाव्या हाताने खायचे, निम्मा खाली. तुझी ओळ आली, पत्र मिळालं ना म्हणून, ती रोज वाचायचे. पण लिहिलं तर तू गुडघे घेऊन धावत येशील म्हणून नाही लिहिलं. मग वेळ गेला तसं लिहायचं आणखीच अवघड झालं. चौदा तारखेला डाव्या हाताने बसले तर दमून गेले आणि हापिसात लिहायचे तसं लिहून टाकलं. ते मी तुला नाही लिहिलं गं, कुठल्यातरी प्रयोगशाळेला लिहिलं. तुझं आपले वाचलं आणि तेव्हापासून रोज बसते आणि खोडते. असं सगळं होत होत राहूनच गेलं. खोली गेली ते बरोबरच आहे, तू तरी किती थांबणार. पण मला यायचं होतं. एवढं तुला माहीत असू दे.'

माफीचा शब्द त्यात नव्हता. बाईंनी पत्र वाचून पाहिले नाही. त्यांच्या आयुष्यात न वाचता गेलेले ते पहिले पत्र असावे.

त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. तासाभराने उत्तर आले. त्या वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज मध्येच फुटला, म्हणून काही शब्द मला दोनदा ऐकायला मिळाले.

'चिंगे, गधडे, हात मोडून घेतलास आणि मला क्षमस्व पाठवतेस. तुझं ते पत्र आलं त्या संध्याकाळपर्यंत मी शिक्षिकेला थांबवलं होतं. महिना उलटून चौदा दिवस. ती बिचारी रोज विचारायची, मी म्हणायचे, थांब, हिचं काहीतरी कारण असणार. मग कारणच आलं नाही, म्हणून तिला हो म्हणाले. आता ती सामान घेऊन आली आहे, तिला काढता यायची नाही. माणूस चांगली आहे. तेव्हा खालची खोली गेली ती गेली. वर माझ्या खोलीत दुसरा पलंग मावतो, मी टेप लावून बघितलं. पण मी घोरते आणि पहाटे उठून भांडी वाजवते. चालत असेल तर ये. चालत नसेल तरी ये. मोडक्या हाताने सामान उचलू नकोस.'

बाईंनी उत्तर लिहिले. दोन अक्षरांचे, 'येते'. या वेळी कारण द्यायची गरज नव्हती.

चार दिवसांत त्या निघाल्या. फोरमन सामान उतरवायला आले होते. त्यांनी विचारले, "कीबोर्ड भरू का?"

बाई दारात होत्या. त्या आत आल्या, माझ्यावरून एकदा कापड फिरवले. "तिथे कशाला लागेल?" त्या म्हणाल्या. "एकाच खोलीत असणार आम्ही. लिहायचंय कुणाला?"

मग दाराला कुलूप लागले.

त्याला आता पाच महिने झाले. मी टेबलावर आहे. खिडकीच्या फटीतून धूळ येते आणि दुपारचे ऊन माझ्या डाव्या बाजूवर येऊन उजवीकडे सरकते. फोरमन महिन्यातून एकदा नळ बघायला येतात आणि जाता जाता माझी एखादी कळ दाबतात, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारावी तशी. बाईंचे काय चालले आहे ते मला कळत नाही. माझी तक्रार नाही. मी ज्या कामासाठी झिजलो ते काम नीट झाले, म्हणून तर माझी गरज उरली नाही.

तरी मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्याही हाताखाली कुठला तरी कीबोर्ड असेल, किंवा काचेवरच्या अक्षरांचा फोन असेल. त्यावर कुणाचे तरी उत्तर राहिले असेल. परक्याचे असेल तर एक ओळ लिहा आणि कामाला लागा, त्याचा वेळ खाऊ नका. पण आपल्या माणसाचे असेल, तर चप्पल कुठली होती तेसुद्धा लिहा. उशीर झालाच आहे, अजून पाच ओळींनी काही बिघडत नाही. आणि लिहिलेले खोडू नका. खोडलेले सगळे माझ्यासारख्याकडे जमा होते, आणि मला ते कुणालाच पोचवता येत नाही.